‘मेरा किताब’ की ‘मेरी किताब’? परदेशातील मुलांना हिंदीतील लिंग शिकवण्याच्या सोप्या युक्त्या

परदेशात वाढणारी मुले घरी हिंदी शिकू लागली की ‘मेरा किताब’, ‘ठंडा चाय’ असे सर्रास बोलतात. इंग्रजीत ‘माय’ एकच. हिंदीत मात्र ‘मेरा’ की ‘मेरी’ हे पुढचे नाम ठरवते. मग हे मुलांच्या लक्षात कसे ठेवायचे?

शब्द एकटा शिकवू नका

‘किताब’ऐवजी सुरुवातीपासून ‘मेरी किताब’, ‘घर’ऐवजी ‘बड़ा घर’ असे शिकवा. जोडीचा शब्द ‘आ’ किंवा ‘ई’ने संपणारा हवा. ‘लाल’, ‘सुंदर’ बदलत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावरून लिंग कळत नाही.

शेवट पाहा, पण अपवादांची गोष्ट करा

‘आ’ने संपणारे बहुतेक शब्द पुल्लिंगी (कमरा, जूता), तर ‘ई’ने संपणारे बहुतेक स्त्रीलिंगी (रोटी, कुर्सी). रोजच्या वापरातले पाच शब्द मात्र ‘ई’ असूनही पुल्लिंगी आहेत. त्यांचे एकच चित्र काढून घ्या: मोटा हाथी, त्याच्या गळ्यात सच्चा मोती, समोर ठंडा पानी, खट्टा दही आणि पिघला घी. उलट चिड़िया, गुड़िया, डिबिया हे ‘इया’वाले शब्द स्त्रीलिंगी. हवा, दवा, भाषा यांचेही तसेच.

शेवटी ‘आ’ किंवा ‘ई’ नसेल तर?

मोजून पाहा. एक किताब, दो किताबें. एक मेज़, दो मेज़ें. ‘एँ’ लागले तर स्त्रीलिंगी. एक घर, दो घर. शब्द तसाच राहिला तर पुल्लिंगी.

पण ‘में’, ‘पर’, ‘को’ जोडून ही चाचणी करू नका. ‘किताबों में’, ‘घरों में’ असे दोन्हीकडे ‘ओं’च येते. चाय, बर्फ़ असे सहसा न मोजले जाणारे शब्दही यात बसत नाहीत. ते ‘ठंडी चाय’सारख्या जोडीनेच पाठ करावे लागतात. अडले तर शब्दकोशात शब्दापुढचे ‘पुं.’ किंवा ‘स्त्री.’ पाहा.

मराठी घरांनी इथे जपावे

मराठीत तीन लिंगे, हिंदीत दोनच. आपली बरीच नपुंसकलिंगी नामे हिंदीत पुल्लिंगी होतात: घर, दूध, पाणी, दही. पण ‘ते पुस्तक’ आणि ‘ते नाक’ हिंदीत स्त्रीलिंगी आहेत. ‘तो चहा’ची ‘चाय’ आणि ‘तो आवाज’ची ‘आवाज़’ही स्त्रीलिंगी. आई-बाबांच्याच तोंडून ‘मेरा आवाज़’ गेले, तर मूल तेच उचलते.

चूक कशी सुधारायची?

मूल म्हणाले, ‘मेरा किताब कहाँ है?’ तर नियम सांगत बसू नका. उत्तरातच योग्य रूप द्या: ‘तुम्हारी किताब मेज़ पर रखी है।’ त्याच्या कानावर ‘तुम्हारी’ आणि ‘रखी’ अशा दोन खुणा एकदम पडतात. काही दिवसांनी घरात नसलेल्या नव्या वस्तूचे चित्र दाखवा आणि ‘मेरा की मेरी?’ विचारा. बरोबर उत्तर आले, तर पाठांतराच्या पुढे जाऊन नियम कळला असण्याची शक्यता आहे.