रक्त शीवर आहे की शीत?

अडीच वर्षांची मुलगी शीला बसल्यावर किंचाळते. आई धावत जाऊन पाहते, तर जाड, कडक शीच्या बाहेरच्या बाजूला लालभडक रेघ. धुताना हातालाही थोडं रक्त लागतं. घरात कुणीतरी मूळव्याधीचं नाव काढतं आणि सगळेच धास्तावतात. खरं तर इतक्या लहान मुलांना मूळव्याध क्वचितच होते. बालरोगतज्ज्ञांकडे असं मूल येतं तेव्हा त्यांच्या मनात पहिलं नाव येतं ते फिशरचं, म्हणजे गुदद्वाराच्या कडेच्या नाजूक त्वचेला पडलेल्या चिरेचं.

ती ओळखायला सहसा रक्त तपासावं लागत नाही की सोनोग्राफी करावी लागत नाही. मुलीला आईच्या मांडीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपवायचं, कुल्ले हलकेच बाजूला करायचे आणि चांगल्या उजेडात पाहायचं. चीर बहुधा मधोमध, पाठीच्या बाजूला सापडते. ती बाजूला असेल, अनेक चिरा असतील किंवा जवळ पू असेल, तर मात्र डॉक्टरांनी पुढचा शोध घ्यायलाच हवा.

चिरेतून जाणारं रक्त अगदी थोडं असतं. मुलाला खरा त्रास होतो तो दुखण्याच्या भीतीने. एकदा दुखलं की मूल शी धरून ठेवतं: पायांची कात्री करतं, टाचा उंचावतं, पडद्यामागे जाऊन ताठ उभं राहतं. घरच्यांना वाटतं, ते जोर लावतंय. प्रत्यक्षात ते शी थोपवत असतं. थांबलेल्या शीतलं पाणी आतडं शोषून घेत राहतं, खडा आणखी मोठा आणि कडक होतो, आणि पुढच्या वेळी तीच चीर पुन्हा उघडते.

म्हणून फिशरचा उपचार म्हणजे शी मऊ ठेवणं. या मुलीचं वजन १२ किलो आहे असं धरलं, तर पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर पाण्यात विरघळवून दिवसाला साधारण ५ ते १० ग्रॅम दिली जाते; नेमकी मात्रा डॉक्टर ठरवतात. ही पावडर आतड्यात पाणी धरून ठेवते. तिची सवय लागत नाही. पोटात जुना खडा साठलेला असेल, तर सुरुवातीचे काही दिवस मात्रा वाढवावी लागते. दिवसभर बाटलीने दूध पिणाऱ्या मुलाला भूक उरत नाही, म्हणून दूध अर्ध्या लिटरच्या आत आणायचं आणि भाकरी, पालेभाजी, पपई, पेरू यांना पोटात जागा करायची. जेवणानंतर पाच मिनिटं पॉटीवर बसवायचं, पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्यायचा.

चूक होते ती यानंतर. चीर काही आठवड्यांत भरते, रक्त थांबतं आणि औषधही बंद होतं. भीती मात्र गेलेली नसते. बद्धकोष्ठ जुनं असेल तर औषध किमान दोन महिने चालू ठेवून मग हळूहळू कमी करायचं असतं. आणि साबणाची वडी किंवा विड्याच्या पानाचा देठ आत घालण्याचा घरगुती उपाय कृपया करू नये. चिरलेल्या जागी तो नवी जखम करतो.

मग तपास कधी करायचा? शी मऊ आहे, दुखत नाही, तरी ताजं रक्त पुन्हा पुन्हा येतं, असं असेल तर मोठ्या आतड्यात पॉलिप असू शकतो. दोन ते दहा वर्षांच्या मुलांत तो आढळतो, बहुधा एकटाच आणि निरुपद्रवी असतो, आणि दुर्बिणीतून काढता येतो. रक्त आणि आव शीत मिसळलेली असून ताप, जुलाब असतील तर आमांशाचा विचार होतो. तान्ह्या बाळाच्या शीत रक्ताचे धागे दिसण्यामागे गाईच्या दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असू शकते, पण बाळ कितीही हसतंखेळतं असलं तरी तिथे डॉक्टरांना दाखवावंच. बीट खाल्ल्याने शी लाल आणि लोहाच्या औषधाने काळी होते. यांपैकी काही दिलेलं नसताना डांबरासारखी काळी शी झाली, तर ते वरच्या आतड्यातलं किंवा जठरातलं रक्त असू शकतं.

एका प्रसंगी सकाळची वाट पाहायची नसते. विशेषतः पहिल्या दोन वर्षांत आतड्याचा एक भाग पुढच्या भागात सरकून अडकू शकतो. बाळ अचानक पाय पोटाशी ओढून कळवळतं, काही मिनिटांनी शांत होतं, थोड्या वेळाने पुन्हा तेच. उलट्या होतात, चेहरा पांढरा पडतो, बाळ मलूल होतं. रक्त आणि आव मिसळलेली जेलीसारखी लाल शी बऱ्याचदा उशिरा दिसते, म्हणून तिची वाट पाहू नये. सोनोग्राफीत निदान होतं आणि वेळेत पोहोचलेल्या बहुतेक बाळांचं आतडं गुदद्वारातून हवा किंवा सलाईन सोडून, ऑपरेशनशिवाय सरळ करता येतं. अशा बाळाला वाटेत काही खायला-प्यायला न देता, सोनोग्राफी आणि मुलांचे सर्जन दोन्ही आहेत अशा रुग्णालयात थेट न्यावं.