पिन २ वर शून्य कुठून येतं?

७४१ या ऑप-अँपचं इन्व्हर्टिंग अँप्लिफायर ब्रेडबोर्डवर जोडलं की डिप्लोमाच्या विद्यार्थ्याला एक प्रश्न पडतो. पिन ३ तारेने ग्राउंडला जोडलेली आहे, तिथे शून्य व्होल्ट असणारच. पण नॉन-इन्व्हर्टिंग पिनची ही शेजारीण, म्हणजे इन्व्हर्टिंग इनपुटची पिन २, ग्राउंडला कुठेही जोडलेली नसते. तरी मल्टिमीटर तिथेही जवळपास शून्य दाखवतो.

हे शून्य आउटपुट घडवून आणतं. समजा, इनपुटला १० किलोओहमचा आणि फीडबॅकला १०० किलोओहमचा रेझिस्टर आहे, सप्लाय अधिक-उणे १५ व्होल्ट आहे, आणि इनपुटला अर्धा व्होल्ट दिला. पिन २ जराशी वर सरकली की आउटपुट लगेच ऋण बाजूला जातं आणि फीडबॅक रेझिस्टरमधून तिला खाली ओढतं. आउटपुट उणे ५ व्होल्टवर पोचलं की ही ओढाताण थांबते.

त्या वेळी पिन २ वर नेमकं किती असतं? ७४१ दोन इनपुटमधला फरक साधारण दोन लाख पटींनी वाढवतो. म्हणजे ५ व्होल्टच्या आउटपुटसाठी त्याला अवघा २५ मायक्रोव्होल्टचा फरक पुरतो. प्रत्यक्ष चिपमध्ये ऑफसेटमुळे एखाद-दुसरा मिलिव्होल्ट जास्त दिसू शकतो, पण अर्ध्या व्होल्टपुढे तोही नगण्यच.

मग त्याला सरळ ‘ग्राउंड’ का म्हणत नाहीत? कारण खरं ग्राउंड करंट गिळतं. इथे १० किलोओहममधून ५० मायक्रोअँपिअर करंट पिन २ पर्यंत येतो, पण चिपच्या आत जवळपास काहीच शिरत नाही. सगळा करंट फीडबॅक रेझिस्टरमधून आउटपुटकडे जातो. ५० मायक्रोअँपिअर गुणिले १०० किलोओहम बरोबर ५ व्होल्ट. उणे ५ आलं ते इथूनच. व्होल्टेज ग्राउंडचं, पण करंटला ग्राउंडकडे वाट नाही, म्हणून ते ‘व्हर्च्युअल’.

पिन २ खरोखरच तारेने ग्राउंड केली, तर मीटर पूर्वीसारखंच शून्य दाखवेल. पण इनपुटचा करंट तारेतून निघून जाईल, फीडबॅक निकामी होईल आणि आउटपुट बहुधा ऑफसेटच्या जोरावर एखाद्या टोकाला जाऊन अडकेल.

हे शून्य टिकवायला आउटपुटला हालचालीची जागा लागते. इनपुटला २ व्होल्ट दिले, तर आउटपुटने उणे २० व्हायला हवं. पण १५ व्होल्टच्या सप्लायवर ते उणे १४ च्या आसपास अडतं. मग पिन २ वर अर्ध्या व्होल्टहून थोडं जास्त व्होल्टेज दिसू लागतं. पिन ३ ग्राउंडला असूनही पिन २ वर असा आकडा आला, तर आउटपुट सॅच्युरेट झालंय का किंवा फीडबॅकची तार सुटलीय का, हे आधी तपासावं.