फोटोच्या पोटातला पत्ता

अँटिव्हायरसमुळे जगभर नाव झालेले जॉन मॅकाफी २०१२च्या अखेरीस मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशातून पळाले होते. शेजाऱ्याच्या खुनाबद्दल तिथल्या पोलिसांना त्यांची चौकशी करायची होती. ‘व्हाइस’ मासिकाचे पत्रकार त्यांच्यासोबत होते आणि ३ डिसेंबरला मासिकाने त्यांचा एक फोटो संकेतस्थळावर टाकला. ते कुठे आहेत, हे अर्थातच सांगितलं नव्हतं. तरीही वाचकांनी ती जागा लगेच हुडकून काढली: ग्वाटेमालातला रिओ दुल्से नदीचा परिसर. फोटो आयफोनवर काढलेला होता आणि त्याच्या फाइलमधले अक्षांश-रेखांश कुणी पुसलेच नव्हते. आकडे आपणच मुद्दाम बदलल्याचा दावा मॅकाफींनी आधी केला, पण पुढे ग्वाटेमालात असल्याचं त्यांना मान्य करावं लागलं.

फाइलमधला अक्षांश होता १५ अंश ३९ मिनिटं २९.४ सेकंद उत्तर. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर साधारण ३१ मीटर, म्हणजे दशांशाच्या पुढचा तो आकडा तीन मीटरपर्यंत नेतो. प्रत्यक्षात फोनचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली काही मीटर चुकतो, घरात किंवा उंच इमारतींमध्ये त्याहून बराच जास्त. तेव्हा अनोळखी माणसाला तुमच्या फ्लॅटचा नंबर यातून कळणार नाही. गल्ली आणि बहुतेक वेळा इमारत मात्र कळते.

फोटोच्या फाइलमधल्या या नोंदींना ‘एक्झिफ’ म्हणतात. जपानी इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाने १९९५मध्ये ही पद्धत ठरवली, ती छायाचित्रकाराच्या सोयीसाठी. फोनच्या फोटोत कंपनी, मॉडेल आणि सेकंदापर्यंतची वेळ असते. कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिलेली असेल तर जागाही. फोनचा आयएमईआय क्रमांक त्यात सहसा नसतो. मोठ्या कॅमेऱ्यांचं वेगळं आहे. त्यांतले अनेक कॅमेरे स्वतःचा अनुक्रमांक प्रत्येक फोटोत लिहितात, त्यामुळे दोन वेगळ्या नावांनी टाकलेले फोटो एकाच कॅमेऱ्याचे आहेत हे जुळवता येतं. नाव लपवून काम करणाऱ्याला हे लोकेशनइतकंच महागात पडू शकतं.

मग रोज आपण इतके फोटो पाठवतो, त्यांचं काय? व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि त्यात या नोंदी गळून पडतात. घोळ होतो तो दुसऱ्याच वाटेने. ‘क्वालिटी जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठव,’ असं आपण सर्रास सांगतो. डॉक्युमेंट म्हणून गेलेली फाइल जशीच्या तशी पोचते, लोकेशनसकट. ईमेलला जोडलेला फोटो आणि ड्राइव्हची लिंकही तशीच. समजा, तुम्ही जुना सोफा विकायला काढलाय आणि गिऱ्हाईक म्हणालं, फोटो स्पष्ट दिसत नाहीत, मूळ फाइल पाठवा. ती पाठवलीत की सोफा कुठल्या घरात आहे, हे भाव ठरण्याआधीच त्याच्या हाती गेलं. फेसबुक-इन्स्टाग्राम इतरांना दाखवायच्या प्रतीतून या नोंदी काढतात, पण चढवलेल्या फाइलमधलं लोकेशन त्या कंपनीपर्यंत पोचू शकतं.

आपल्या फोटोत काय आहे ते आधी पाहा. आयफोनवर फोटो उघडून वर सरकवला की नकाशा दिसतो. अँड्रॉइडवर गूगल फोटोजमध्येही वर सरकवा. मात्र गूगल कधीकधी जागेचा स्वतः अंदाज बांधतं, त्यामुळे नकाशा दिसला म्हणजे ती नोंद फाइलमध्ये असेलच असं नाही. आयफोनवरून पाठवताना शेअरच्या पडद्यावर वरच `Options` असतं, तिथे `Location` बंद करा. विंडोजवर फाइलवर उजवी क्लिक करून `Properties`, मग `Details`, आणि तळाशी `Remove Properties and Personal Information`.

पुष्कळ फोटो असतील तर संगणकावर एक्झिफटूल हे मोफत साधन घ्यावं. पहिली आज्ञा फक्त जागा काढते, दुसरी जवळपास सगळंच:

```
exiftool -gps:all= sofa.jpg
exiftool -all= sofa.jpg
```

दुसरी वापरल्यावर कधीकधी उभा फोटो आडवा दिसू लागतो. फोटो कुठल्या बाजूने पाहायचा, हीदेखील एक्झिफमधलीच नोंद असते आणि तीही पुसली जाते. तसं झालं तर फोटो आधी एखाद्या एडिटरमध्ये फिरवून जतन करा आणि मग आज्ञा द्या. सोफ्याच्या मागच्या खिडकीतून सोसायटीची पाटी दिसत असेल, तर तिथे कुठलीच आज्ञा चालत नाही; फोटोच नव्याने काढावा लागतो.

एक्झिफटूल मूळ फाइल टाकून देत नाही. ती `sofa.jpg_original` या नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेवतं, सगळ्या नोंदींसकट. अख्खा फोल्डर झिप करून पाठवला तर तीही सोबत जाते, म्हणून आधी ती दुसरीकडे हलवा.