चुकून सगळ्या ऑफिसला गेलेली व्हॉइस नोट

व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोटची सोय 2013 साली आली. माइकचे बटण दाबून धरायचे, बोलायचे आणि बोट उचलायचे. बोट उचलताच नोट रवाना होते. ‘पाठवा’ असे वेगळे सांगावे लागत नाही, आणि घोटाळा बहुतेक वेळा इथेच होतो. लिहिलेला मजकूर पाठवण्याआधी निदान एकदा नजरेखालून जातो. बोलताना नजर समोरच्या फायलीवर असते, खिडकीबाहेर असते, फक्त स्क्रीनवर नसते. शिवाय माइकचे बटण प्रत्येक चॅटमध्ये त्याच जागी असल्यामुळे बोटाला बहिणीचा चॅट आणि ऑफिसचा ग्रुप यांतला फरक कळत नाही.

ऑफिसच्या ग्रुपचा ॲडमिन या चुकीच्या अधिकच जवळ असतो. अनेक कार्यालयांत सूचनांचा ग्रुप ‘फक्त ॲडमिनने लिहावे’ अशा पद्धतीने चालवला जातो. इतर सभासदांना तिथे लिहिण्याची जागाच दिसत नाही, त्यामुळे त्यांच्या हातून तिथे चुकून काही जात नाही. ॲडमिनपुढे मात्र ती जागाही असते आणि माइकही. ग्रुपला शिस्त लावणारी ही सेटिंग तिथे सगळ्यांना सांभाळते, फक्त ॲडमिनला नाही.

एक कल्पित प्रसंग घेऊ. तालुक्याच्या गावातली एक पतसंस्था. सर्व शाखांचे मिळून 64 जण ग्रुपवर आहेत आणि ॲडमिन दोघेच: आस्थापना विभाग सांभाळणाऱ्या बाई आणि व्यवस्थापक साहेब. सकाळी 11 वाजता बाईंनी शनिवारच्या बैठकीची सूचना ग्रुपवर बोलून पाठवली. तेवढ्यात बहिणीचा संदेश स्क्रीनच्या वरच्या पट्टीत झळकला: ‘साहेबांचा मूड कसा आहे आज?’ बाईंनी तो तिथेच वाचला, चॅट न बदलता खालचा माइक दाबला आणि हजेरीपत्रकावर नजर ठेवून बोलल्या, “अगं ताई, साहेब आज केस काळे करून आलेत. कपाळावर रंगाचा हा एवढा पट्टा! माझ्याच्याने समोर बघवेना. आणि शनिवारी मीटिंग ठेवलीय. मी नाही येत बाई, पोट दुखतंय म्हणून सांगणार आहे.” बोट उचलले आणि नोट 63 जणांच्या फोनवर पोहोचली.

बोललेल्या संदेशात एक दिलाशाची गोष्ट असते. लिहिलेला संदेश नोटिफिकेशनमध्ये आपोआप वाचला जातो. व्हॉइस नोट कुणीतरी मुद्दाम वाजवावी लागते. त्यामुळे ‘पोहोचली’, ‘पाहिली’ आणि ‘ऐकली’ या तीन निराळ्या पायऱ्या ठरतात. आपल्या नोटवर बोट दाबून ‘Message info’ उघडले की कोण कोणत्या पायरीवर आहे ते नावानिशी दिसते. निळ्या खुणा बंद ठेवणारा सहकारीही यातून सुटत नाही, कारण ग्रुपमध्ये वाचल्याची आणि व्हॉइस नोट ऐकल्याची खूण बंद करता येत नाही. पण बाईंच्या बाबतीत हा दिलासा अर्धाच ठरला. लागोपाठच्या न ऐकलेल्या व्हॉइस नोटा एकामागून एक आपोआप वाजत जातात. बैठकीची सूचना ऐकायला ज्यांनी बटण दाबले, त्यांना पुढची नोट न मागता ऐकू आली, आणि काही टेबलांवर तर ती स्पीकरवरच वाजली.

पाच मिनिटांनी कॅशियरचा फोन आला, “मॅडम, ग्रुप बघा आधी.” आता पहिल्या चुकीहून मोठी चूक घडण्याची वेळ असते. नोट दाबून धरून कचरापेटीच्या चिन्हावर बोट ठेवले की ‘Delete for everyone’ आणि ‘Delete for me’ असे दोन पर्याय समोर येतात. बाईंनी घाईत दुसरा निवडला. त्याने नोट फक्त त्यांच्या फोनवरून नाहीशी झाली; बाकीच्या 63 फोनांवर ती जशीच्या तशी राहिली. आणि आता त्यांच्या स्क्रीनवर ती नसल्यामुळे सगळ्यांकडून पुसायला धरायचे तरी कशाला? अशी गडबड अनेकांची होत असल्यामुळे 2022 च्या अखेरीस व्हॉट्सॲपने इथे ‘Undo’ची सोय दिली, पण ती पट्टी पाचच सेकंद दिसते. गांगरलेल्या माणसाला ती दिसतेच असे नाही. बाईंनाही दिसली नाही.

इथून सुटायची वाट ॲडमिनपणातच सापडते. 2022 पासून ग्रुपचा ॲडमिन दुसऱ्या कुणाचाही संदेश सर्वांसाठी पुसू शकतो. म्हणजे दुसऱ्या ॲडमिनने ती नोट पुसली की काम झाले. पण या ग्रुपचे दुसरे ॲडमिन होते साहेब, ज्यांच्या केसांची चर्चा त्या नोटेत होती. अशा वेळी करायचे ते हे: ग्रुपच्या माहितीत जाऊन विश्वासातल्या सहकाऱ्याच्या नावावर बोट ठेवायचे, त्याला ॲडमिन करायचे आणि त्याच्या फोनवरून नोट सर्वांसाठी पुसून घ्यायची. बाईंनी कॅशियरला ॲडमिन केले, त्याने नोट पुसली आणि मग बाईंनी त्याचे ॲडमिनपद काढून घेतले. सगळे मिळून दोन मिनिटांचे काम. नोटेच्या जागी ॲडमिनने संदेश पुसल्याची ओळ, पुसणाऱ्याच्या नावासह, तेवढी राहिली.

पुसण्याची मुदत आता पुष्कळ आहे. 2017 मध्ये ही सोय आली तेव्हा ती सात मिनिटांची होती. 2022 पासून ती दोन दिवसांहून थोडी जास्त झाली. तरी मुदत आहे म्हणून थांबण्यात अर्थ नाही, कारण पुसण्याची मर्यादा वेळेपेक्षा वाटेत जास्त आहे. कुणी नोट आधीच दुसरीकडे पुढे पाठवली असेल, तर ती प्रत शाबूत राहते. कुणी शेजारच्या फोनवर आवाज टिपून घेतला असेल, तर त्यावर कशाचाच इलाज नाही. पुसणे एखाद्या फोनवर यशस्वी झाले नाही, तर तेही पाठवणाऱ्याला कळवले जात नाही.

जबाबदारीबाबतही अनेकांची समजूत अपुरी असते. सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, संगनमत नसताना, केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात म्हटले. हे संरक्षण दुसऱ्याच्या मजकुरापुरते आहे. नोट स्वतःच पाठवलेली असेल, तर ॲडमिन हा पाठवणारा असतो आणि आपल्या बोलण्याला तोच जबाबदार असतो.

म्हणून पुसून झाल्यावर गप्प बसणे हा वाईट मार्ग आहे. ज्या ग्रुपवर इतरांना लिहिता येत नाही, तिथे कुणी हसून विषय बदलूही शकत नाही. पुसल्याची ओळ दिवसभर तशीच दिसत राहते. ग्रुपवर दोन ओळी पुरतात: खासगी नोट चुकून इथे आली, क्षमस्व, कृपया पुढे पाठवू नये. ज्यांच्याबद्दल बोलले गेले, त्यांच्याकडे मात्र समोर जाऊनच माफी मागावी, आणि त्यांनी नोट ऐकली असेलच असे धरून चालावे. बाईंच्या बाबतीत पोटदुखीचा बहाणाही उघडा पडला होता, तेव्हा शनिवारच्या बैठकीला वेळेवर हजर राहणे हाच त्यावरचा खरा उपाय.

ही चूक टाळायला फार काही लागत नाही. माइक दाबून बोट वर सरकवले की रेकॉर्डिंग लॉक होते. मग बोट उचलले तरी नोट जात नाही, ती थांबवून आधी स्वतः ऐकता येते. चूक बोलता बोलता लक्षात आली, तर बोट न उचलता डावीकडे सरकवले की रेकॉर्डिंग रद्द होते. आणि प्रत्येक चॅटला वेगळा वॉलपेपर लावता येतो. ज्यांच्याकडे ऑफिसच्या ग्रुपची सूत्रे आहेत, त्यांनी त्या ग्रुपला आजच असा गडद रंग लावून ठेवावा, की तो घरच्या कुठल्याही चॅटसारखा दिसणार नाही.