रोजा, उपास आणि पीटीचा तास

पुसद, दिग्रस, दारव्हा, उमरखेड. यवतमाळ जिल्ह्यातल्या या गावांत मराठी शाळांच्या वर्गांतही रमजानमध्ये रोजा धरणारी चार-सहा मुले असतात. उर्दू शाळांत जवळजवळ सगळा वर्गच रोजेदार असल्याने वेळापत्रक त्यांच्या कलाने बसवता येते. जिथे साठांत पाच मुले रोजेदार, तिथे खरा पेच पडतो. सर शिट्टी वाजवतात, वर्ग मैदानाला दोन फेऱ्या मारायला निघतो आणि त्या पाचांना सांगितले जाते, ‘तुम्ही झाडाखाली बसा.’ महिनाभर रोज झाडाखाली बसणे ही त्या मुलांना शिक्षाच वाटते. म्हणून बरीच मुले रोजा असल्याचे सांगतच नाहीत आणि सगळ्यांबरोबर धावतात. धोका तिथून सुरू होतो.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२५ मध्ये तो २ मार्चला सुरू झाला. त्या सुमारास यवतमाळात पहाटे साडेपाचच्या आत सहरी आटपावी लागते आणि इफ्तार संध्याकाळी सव्वासहानंतर, म्हणजे जवळपास तेरा तास अन्नही नाही, पाणीही नाही. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात विदर्भातले ऊन कसे असते ते इथल्या वाचकाला सांगायला नको. येत्या काही वर्षांत रमजान थंडीत येईल, तेव्हा तहानेचा त्रास कमी होईल. पण सहरीनंतर दहा तासांनी धावायला लावण्याचा प्रश्न थंडीतही राहतोच.

आठवीतली एक मुलगी डोळ्यांसमोर आणू. वजन ४० किलो, शाळा साडेदहा ते पाच, पीटीचा तास शेवटचा. श्वासातून, त्वचेतून आणि लघवीतून दिवसभर पाणी जातच असते. चार वाजेपर्यंत तिच्या अंगातले साधारण अर्धा ते पाऊण लिटर पाणी कमी झालेले असते. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झाले की दम लवकर लागतो, अंग लवकर तापते, लक्ष उडते. ४० किलोच्या मुलीसाठी हे दोन टक्के म्हणजे ८०० मिलिलिटर. ती मैदानात उतरते तेव्हाच त्या रेषेजवळ असते. उन्हात अर्धा तास धावली तर आणखी पाव लिटर घाम जाईल आणि तो भरून काढायला दोन तास वाट पाहावी लागेल.

तोच तास सकाळी पहिला घेतला तर सहरीचे पाणी आणि जेवण अजून अंगात असते, ऊनही कोवळे असते. म्हणून माझ्या मते पहिला बदल वेळापत्रकात व्हावा. महिन्यापुरता पीटीचा तास गणिताशी किंवा मराठीशी अदलाबदल करून घेतला की अर्धे काम होते. सगळ्या वर्गाचाच तास सकाळी गेल्याने कोणा एकावर बोटही उठत नाही. शाळेबाहेर सराव करणाऱ्या मुलांना आणखी एक वेळ सोयीची आहे, ती इफ्तारच्या आधीचा अर्धा तास. हलका सराव संपला की लगेच पाणी मिळते. जोराचा सराव इफ्तारनंतर दोन-अडीच तासांनी करावा.

आता तासाच्या आत काय करायचे? खो-खोचेच घ्या. पळणाऱ्या गड्याला बाद होईपर्यंत सलग धावावे, हुलकावण्या द्याव्या लागतात. पाठलाग करणाऱ्या संघातले आठ जण मात्र चौकोनांत बसलेले असतात. खो मिळाला की उठायचे, काही सेकंद धावायचे, खो देऊन पुन्हा बसायचे. रोजेदार मुलीला पाठलागाच्या बाजूला बसवले आणि ‘दोन पोलांच्या मध्येच खो दे, लांबवू नकोस’ असे सांगितले तर तिची धाव आपोआप तुकड्यातुकड्यांत होते. ती खेळात असते, संघात असते. तासाची सुरुवात सावलीत सांधे मोकळे करण्याने, मग पोलला वळणे आणि खो देणे चालत्या वेगाने, मग पंधरा मिनिटे खेळ. पोलवरच्या उड्या महिनाभर बंद ठेवाव्यात. कबड्डीत चढाईचा दम आणि झटापट दोन्ही असल्याने तिथे पंच किंवा गुणलेखकाचे काम खरोखर शिकवून द्यावे, नुसते हातात वही देऊन मोकळे होऊ नये.

जोर किती, हे मोजायला यंत्र लागत नाही. मुलीला बोलते करावे. न अडखळता पूर्ण वाक्य बोलता आले तर ठीक, दोन शब्दांमागे श्वास घ्यावा लागला तर थांबवावे. फिटनेसच्या चाचण्यांतली ६०० मीटर धाव रमजानमध्ये घेऊच नये. बसून पुढे वाकण्याची लवचीकतेची चाचणी घ्यायला हरकत नाही.

पाण्याचा हिशेब रात्रीचा असतो. सहरीला एकदम लिटरभर पाणी पिणारी मुले बरीच, पण त्यातले बरेचसे तासा-दोन तासांत लघवीवाटे निघून जाते. इफ्तारला दोन पेले, मग झोपेपर्यंत दर तासाला एक, सहरीला दोन-तीन, असे करत दीड ते दोन लिटर जावे. सहरीत ज्वारीची भाकरी, वरण, दही, अंडे असले तर भूक उशिरा लागते. लोणचे-पापड आणि कडक चहा टाळावा. दुपारी लघवी गडद पिवळी होत असेल तर आदल्या रात्रीचे पाणी कमी पडले असे समजावे. तोंडावर, मानेवर पाणी मारायला, ओले फडके ठेवायला रोज्यात अडचण नसते. शाळेने नळ मोकळा ठेवावा.

डोके दुखणे, गरगरणे, उन्हातही अंगावर काटा येणे, हात थरथरणे यांपैकी काहीही दिसले तर खेळ तिथेच थांबवून सावलीत आडवे करावे, पाय उंच ठेवावेत, अंग ओले करावे आणि पाणी द्यावे. आजारी माणसाला रोजा सोडून नंतर भरून काढायची मुभा धर्मातच आहे आणि वयात न आलेल्या मुलांवर रोजा बंधनकारक नाही. हे घरचे मोठे लोक जाणतात, सरांनी आधी त्यांच्याशी बोलून ठेवले की ऐनवेळी हात आखडत नाही. मूल असंबद्ध बोलू लागले किंवा झोकांड्या खाऊ लागले तर अंग गार करत राहावे, तोंडात पाणी ओतू नये आणि १०८ ला फोन करावा.

नवरात्राचे गणित वेगळे. यवतमाळचा दुर्गोत्सव मोठा, आणि शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगामही साधारण याच दिवसांत. या उपासाला बहुधा पाणी चालते, त्यामुळे उपाय सोपा आहे: खेळात दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच घोट पाणी, आणि घरून सैंधव घातलेले ताक. अडचण खाण्याची असते. नुसत्या साबुदाण्यावर मूल दोन तासांत गळते. त्याच्याबरोबर दाणे, दही, राजगिरा, केळे असेल तर सामन्यापर्यंत तग धरते. काही मुली नऊ दिवस अनवाणी राहतात, त्यांना ऑक्टोबरच्या तापलेल्या मुरमावर दुपारी उतरवू नये. हरतालिकेला मात्र काही मुली निर्जळी करतात. त्या दिवशी त्यांना रोजेदारांसारखेच वागवावे. पर्युषणात उपास करणारी जैन मुले दिवसा फक्त उकळलेले पाणी पितात, तेव्हा त्यांची बाटली मैदानावर सोबत राहू द्यावी.

आपल्या जिल्ह्यात एक गोष्ट सर्वांत आधी विचारायला हवी: सिकलसेल. गोंड, कोलाम आणि इतरही समाजांत हा आजार आहे. अंगातले पाणी कमी होणे आणि अति श्रम, या दोन्हींनी हाडे-सांधे असह्य दुखण्याचा झटका येऊ शकतो. सिकलसेल असलेल्या मुलाने कुठलाही निर्जळी उपास धरला असेल तर त्या दिवशी त्याला धावायला लावायचेच नाही, आणि उपासाबद्दल घरच्यांनी डॉक्टरांना विचारायचे. इन्सुलिन घेणाऱ्या मुलांनाही हाच नियम. आरोग्य तपासणीच्या नोंदी शाळेत असतात. पीटीच्या सरांनी जूनअखेर शाळा उघडताच त्या एकदा वाचून नावे आपल्या वहीत उतरवून घ्यावीत.

ईद झाली म्हणून दुसऱ्याच दिवशी मुलांना पूर्ण जोराने पळवू नये. महिनाभर झोपेची वेळ बदललेली असते, दम थोडा उतरलेला असतो. पहिल्या आठवड्यात निम्मे अंतर, दुसऱ्यात पाऊण, आणि मग राहिलेली ६०० मीटरची चाचणी सकाळच्या वेळी घ्यावी.