चौथा हात

हिरा आणि पेन्सिलीतले शिसे ही एकाच कार्बनची दोन रूपे, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत घोकले आहे. (पेन्सिलीत शिसे नसतेच, ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते, पण नाव पडले ते पडले.) हे नुसते सांगण्यापुरते नाही. १७९७ साली स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने तोलून घेतलेला हिरा चक्क जाळला आणि तेवढ्याच वजनाच्या कोळशातून निघेल तेवढाच वायू त्यातून निघतो, हे दाखवून दिले. माल एकच, मग एक काच कापतो आणि दुसरा कागदावर पुसला जातो, हे कसे?

आमच्या शेजारची अकरावीतली मुलगी या प्रश्नाचे उत्तर धडाधड म्हणून दाखवत असे. "काका, ग्रॅफाइटमधले बंध कमकुवत, म्हणून ते मऊ." परीक्षेत गुणही मिळत. पण एका संध्याकाळी ती पुस्तकातला तक्ता घेऊन आली, चेहरा पडलेला. मिलिमीटरचे एक कोटी भाग केले, तर हिऱ्यातले दोन शेजारी अणू एकमेकांपासून १.५४ भागांवर असतात आणि ग्रॅफाइटमधले १.४२ भागांवर. म्हणजे ग्रॅफाइटमधले अणू अधिक जवळ! "जवळ म्हणजे बंध जास्त घट्ट ना? मग मऊ हिरा असायला हवा."

शंका रास्त होती, आणि पाठ केलेल्या उत्तरात तिला जागाच नव्हती. मी स्वयंपाकघरातून भिजवलेले हरभरे आणि दात कोरायच्या काड्या आणल्या. हरभरा म्हणजे अणू, काडी म्हणजे बंध. कार्बनला चार हात. आधी हिरा. प्रत्येक हरभऱ्याचे चारही हात चार दिशांना, तिपाईचे तीन पाय खाली आणि एक काडी वर, असे. तासाभरात एक वेडावाकडा मनोरा उभा राहिला. कुठूनही दाबा, जोर चहूकडच्या काड्यांवर वाटला जाई. यात एक थर दुसऱ्यावरून सरकवायचा, तर मधल्या काड्या मोडाव्याच लागणार.

मग ग्रॅफाइट. इथे प्रत्येक हरभऱ्याला तीनच काड्या, त्याही सपाट. षटकोनाला षटकोन जोडत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी झाली. तिने दुसरी जाळी केली, पहिलीवर ठेवली, बोटाने ढकलली. ती अलगद सरकली.

"काका, काडी एकही मोडली नाही!"

एवढ्यातच सारे होते. तिने तक्ता पुन्हा उघडला. दोन थरांमधले अंतर त्याच मापाने ३.३५ भाग, थरातल्या अंतराच्या दुपटीहून जास्त. एवढ्या अंतरावर हातात हात नसतो, नुसते क्षीण आकर्षण असते. पेन्सिल कागदावर घासते तेव्हा घट्ट बंध जवळजवळ शाबूत राहतात. पापुद्र्यांच्या चळती तेवढ्या सुटून कागदाला चिकटतात.

"पण चौथा हात कुठे गेला?" हा प्रश्न तिचा तिनेच काढला. हिऱ्यात चारही इलेक्ट्रॉन शेजाऱ्यांत गुंतलेले. ग्रॅफाइटमध्ये प्रत्येक अणूचा चौथा इलेक्ट्रॉन एका जोडीत न अडकता साऱ्या जाळीभर पसरतो. त्याने थरातले बंध आणखी आवळले जातात, म्हणून ते १.४२. तोच मोकळा इलेक्ट्रॉन वीज वाहून नेतो, आणि प्रकाश शोषून ग्रॅफाइटला काळे करतो.

वीज वाहते हे तिला पाहायचे होते. नऊ व्होल्टची बॅटरी, छोटा एलईडी, तारा. एचबी पेन्सिलीने बोटभर रेघ ओढली, दिवा ढिम्म. एचबीमध्ये मातीचे प्रमाण जास्त, शिवाय रेघ लांब आणि बारीक. मग चित्रकलेची ६बी घेऊन दोन सेंटिमीटरचा जाड पट्टा चार-पाच वेळा गिरवला. दिवा मिणमिणता का होईना, लागला. (लागला नाही, तर आधी एलईडीचे पाय उलटे जोडून पाहावेत.)

थर सरकतात, एवढ्यावरही सारे संपत नाही. १९४० च्या दशकात उंचावरून उडणाऱ्या विमानांच्या जनित्रांतले कार्बनचे ब्रश भराभर झिजू लागले. जमिनीवर हेच ब्रश नीट चालत. वरची हवा विरळ आणि कोरडी. ग्रॅफाइटचा गुळगुळीतपणा त्याच्या पृष्ठावर बसणाऱ्या बाष्पावरही अवलंबून असतो, असे ध्यानात आले. हे मी सांगितले तेव्हा ती वाळत घातलेल्या मनोऱ्याकडे पाहत म्हणाली, "मग या हरभऱ्यांत पाणी कुठे दाखवायचं?"