तीन हजार टी-शर्ट आणि सव्वाशे पीस

तिरुपूरच्या एखाद्या निर्यात कारखान्यात माल तयार होऊन खोक्यांत भरला गेला, की तो लगेच बंदराकडे निघत नाही. आधी खरेदीदाराचा तपासनीस येतो, मोजके पीस पाहतो आणि पूर्ण लॉटवर पास किंवा फेल असा शेरा मारतो. तीन हजार टी-शर्टांचा लॉट असेल, तर तो पाहतो सव्वाशे. उरलेल्या दोन हजार आठशे पंचाहत्तर पीसना त्याचा हातही लागत नाही. तरी परदेशातला खरेदीदार त्या शेऱ्यावर भरवसा ठेवतो, आणि फेल झाला तर कारखानदार निमूटपणे खोकी उघडायला लावतो.

प्रत्येक पीस का तपासत नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे. खरे तर कारखान्याने तो तपासलेला असतो. शिलाईच्या लाइनच्या शेवटी चेकिंगचे टेबल असते आणि तिथून प्रत्येक टी-शर्ट जातो. पण तासन्‌तास एकाच प्रकारचे कपडे उलटेपालटे करणाऱ्या माणसाचे डोळे थकतात. दोष समोर असूनही निसटतो. तपासनिसाचे काम ही तपासणी पुन्हा करण्याचे नाही. ती नीट झाली आहे का, एवढेच त्याला पाहायचे असते आणि त्यासाठी थोडे पीस बारकाईने पाहणे पुरते.

थोडे म्हणजे किती, हे त्याच्या मर्जीवर नसते. त्यासाठी एक छापील तक्ता आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत हॅरोल्ड डॉज आणि हॅरी रोमिग यांनी 1920च्या दशकात नमुना तपासणीचे गणित मांडले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराने खरेदीसाठी असे तक्ते वापरले आणि 1950 साली ते लष्करी मानक म्हणून प्रसिद्ध झाले. आज जगभर वापरले जाणारे आयएसओ 2859 हे मानक त्याच घराण्यातले, आणि भारतीय मानकांमध्ये ते आयएस 2500 या क्रमांकाने येते. तोफगोळ्यांसाठी वापरलेले गणित आता बनियन आणि फ्रॉकला लागते.

तक्ता वाचायला सोपा आहे. लॉट 1201 ते 3200 पीसचा असेल तर नेहमीच्या, म्हणजे दुसऱ्या पातळीच्या तपासणीत 125 पीस काढायचे. लॉट तीस हजारांचा असला तर 315. माल दहापट झाला, पण तपासायचे पीस अडीचपटच वाढले. ‘दहा टक्के माल बघा’ असे सांगणाऱ्या नवख्या व्यापाऱ्याला हे पटत नाही. पण अंदाज किती पक्का, हे मुख्यतः काढलेल्या पीसच्या संख्येवर ठरते. लॉटमधला त्यांचा टक्का किती, याला फारसे महत्त्व नसते. दहा टक्क्यांचा नियम लावला तर दोनशेच्या लॉटमध्ये वीसच पीस बघितले जातील, आणि वीस पिसांवरून काही खात्रीने सांगता येत नाही.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला भात सगळीकडे सारखाच शिजलेला असतो. खोक्यांचे तसे नसते. एका खोक्यात सगळे मीडियम, दुसऱ्यात सगळे लार्ज. हा माल एका लाइनचा, तो दुसरीचा. म्हणून सव्वाशे पीस कुठून काढायचे, यालाही रीत आहे. सगळा माल शिवून झालेला आणि निदान ऐंशी टक्के खोक्यांत भरलेला असल्याशिवाय तपासणी सुरू होत नाही. तीन हजार पीस चाळीस-चाळीसच्या 75 खोक्यांत असतील, तर तपासनीस 75चे वर्गमूळ काढतो आणि नऊ खोकी निवडतो. निवड त्याची स्वतःची असते. दाराजवळ नीट मांडून ठेवलेली खोकी सोडून तो थप्पीच्या तळातली आणि भिंतीकडची मागतो. प्रत्येक रंग आणि प्रत्येक साइज आला पाहिजे, याकडेही त्याचे लक्ष असते.

मग टेबल, भरपूर उजेड आणि मोजपट्टी. आधी दर्शनी बाजू, मग पाठ, मग उलटा करून आतल्या शिलाया. निटेड कपड्यात एक दोष असा आहे, की नुसता बघून तो दिसत नाही. तपासनीस खांद्याची शिवण दोन्ही हातांच्या चिमटीत धरतो आणि हलकेच ताणतो. ओव्हरलॉकची सुई बोथट झालेली असेल, तर ती विणीच्या फटीतून न जाता सूत तोडते. शिवताना तिथे छिद्र दिसत नाही. ताणले की टाक्यांच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढे भोक उघडते. एक-दोन धुण्यांत त्याच्या आसपासचे फंदे सुटत जातात आणि भोक मोठे होते. गळ्याची पट्टीही अशीच ताणून बघतात. धागा फार घट्ट बसला असेल तर टाके कटकन तुटतात, म्हणजे डोक्यातून घालताना घरीही तेच होणार.

सापडलेला प्रत्येक दोष तीनपैकी एका कप्प्यात जातो. पहिला क्रिटिकल, म्हणजे अंगावर घालणाऱ्याला इजा होण्याची शक्यता. कपड्यात राहिलेले सुईचे तुकडे, बोचणारी टोके, मालाला लागलेली बुरशी ही त्याची उदाहरणे. लहान मुलांच्या जॅकेटच्या टोपीला ओवलेली नाडीही अमेरिकेच्या मालात याच कप्प्यात येते, कारण ती घसरगुंडीत अडकून मुलांचे जीव गेले आहेत. क्रिटिकल दोषाला सवलत नाही. एक सापडला की लॉट अडकतो. म्हणूनच चांगल्या कारखान्यात सुई तुटली की मशिन थांबते आणि सगळे तुकडे शोधून, जुळवून, चिकटपट्टीने वहीत लावले जातात. तुकडा मिळाला नाही तर आसपासचा माल बाजूला काढतात.

दुसरा कप्पा मेजरचा. गिऱ्हाईक कपडा घेणार नाही किंवा परत आणेल असा दोष, जसे भोक, उसवलेली शिवण, अंग आणि बाही यांच्या रंगातला फरक, मापातली ठरलेल्या सवलतीबाहेरची तफावत. तिसरा मायनर. लोंबणारा धागा, किंचित तिरके लेबल, म्हणजे दिसले तरी कपडा परत येणार नाही असे काही. एकाच टी-शर्टात तीन दोष असले तरी तो एकदाच मोजला जातो, आणि त्यातल्या सर्वांत गंभीर दोषाच्या कप्प्यात.

खरेदीदार सहसा मेजरसाठी 2.5 आणि मायनरसाठी 4.0 हा एक्यूएल ठरवतो. सव्वाशे पिसांना याचा अर्थ असा, की मेजर सातपर्यंत चालतील, आठवा आला की फेल. मायनर दहापर्यंत चालतील, अकरावा आला की फेल. इथे अनेकांची गल्लत होते. 2.5 एक्यूएल म्हणजे अडीच टक्के खराब माल चालेल, असे ते समजतात. पण सव्वाशेत सात म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या वर. ही ढिलाई मुद्दाम ठेवलेली आहे. अडीच टक्केच दोष असलेल्या कारखान्याचा चांगला माल केवळ वाईट पीस हाती लागले म्हणून फेल होऊ नये, यासाठी ती आहे. असा लॉट शंभरपैकी जवळपास 99 वेळा पास होतो.

त्याची किंमत खरेदीदार मोजतो. ज्या लॉटमध्ये खरोखर पाच टक्के मेजर दोष आहेत, तो शंभरात सुमारे सत्तर वेळा पास होतो. दहा टक्के असतील तर मात्र सहा-सात वेळाच सुटतो. म्हणजे ही चाळणी फार वाईट माल हमखास अडवते, मधल्या मालाला बऱ्याचदा जाऊ देते. मानकात यावर उपाय आहे. लागोपाठच्या पाच लॉटांत दोन फेल झाले की तपासणी कडक करायची. मग सव्वाशेत मेजर पाचच चालतात. पण कपड्यांच्या धंद्यात दर हंगामाला डिझाइन आणि कारखाना बदलतो, त्यामुळे हा नियम पुष्कळदा कागदावरच राहतो.

आता समजा, आपल्या तीन हजारांच्या लॉटमधून सव्वाशे पीस पाहून झाले. क्रिटिकल काही नाही. मेजर आठ: खांद्याच्या शिवणीवर सुईची भोके असलेले पाच, बाहीची दुमड उसवलेला एक, रंगात फरक असलेला एक आणि पाठीच्या खालच्या कडेजवळ तेलाचा डाग असलेला एक. मायनर नऊ, बहुतेक लोंबते धागे. मेजर मर्यादेच्या एकाने वर, म्हणून फेल.

कारखान्याचा क्वालिटी मॅनेजर साहजिकच त्या डागाकडे बोट दाखवतो. डाग मिरीएवढा, पाठीमागे, अगदी खाली. मायनर धरा, तो म्हणतो. धरला तर मेजर सात, मायनर दहा. दोन्ही बरोबर काठावर आणि लॉट पास. छातीवरचा डाग मेजर आणि शर्टाच्या आतल्या बाजूचा मायनर, यावर कोणाचेच दुमत नसते. वाद मधल्या जागेचा असतो. म्हणून खरेदीदाराच्या दोषपुस्तिकेत कपड्याचे भाग पाडलेले असतात आणि कोणत्या भागात केवढा डाग कोणत्या कप्प्यात, हे लिहिलेले असते. पुस्तिकेत पाठीचा बाहेरचा भाग मेजरमध्ये असेल, तर तपासनिसाला वाटाघाट करायला जागा नसते. पुस्तिका गप्प असेल, तर तीन हजार टी-शर्टांचा निकाल एका माणसाच्या नजरेवर आणि दिवसअखेरच्या धीरावर ठरतो.

पण त्या यादीतली महत्त्वाची ओळ डागाची नाहीच. पाच भोके, सगळी खांद्याच्या शिवणीवर. नोंदी उलगडून पाहिल्या तर पाचही पीस एकाच साइजच्या खोक्यांतले आणि एकाच लाइनचे निघतात. असा दोष लॉटभर विखुरलेला नसतो. तो एका मशिनवर, एका सुईपाशी, काही तासांच्या शिलाईत साठलेला असतो. डाग मायनर ठरवून लॉट पास केला असता, तर हा साठा तसाच जहाजात चढला असता.

फेलनंतरचे काम ठरलेले आहे. खोकी उघडायची, त्या लाइनचा प्रत्येक खांदा ताणून बघायचा, भोकाचे पीस वेगळे काढायचे. भोक दुरुस्त होत नाही, त्यामुळे तेवढे पीस कमी पडतात. मशिनची सुई बदलायची आणि निटिंगसाठी असते तशी गोल टोकाची, कापडाला साजेशा जाडीची बसवायची. मग तपासनीस पुन्हा येतो आणि नव्याने सव्वाशे पीस काढतो. या दुसऱ्या फेरीचा खर्च बहुधा कारखान्याच्या माथी पडतो, आणि तोवर ठरलेले जहाज सुटले असेल तर माल विमानाने पाठवण्याचा खर्चही. टी-शर्टसारख्या स्वस्त मालात एवढ्याने सगळा नफा जाऊ शकतो. त्यामुळे जाणते कारखानदार बाहेरच्या तपासनिसाच्या आदल्या दिवशी आपलाच माणूस पाठवतात आणि त्याच तक्त्याप्रमाणे, थप्पीच्या तळातून, सव्वाशे पीस काढायला लावतात.